दिवाळीच्या सुट्टीची सूचना: तारखा कशा काढाव्यात आणि मुखपृष्ठावर काय लिहावे

प्रश्न: आमचा नाशिकला फराळाचा व्यवसाय आहे. वेबसाइटवरून राज्यभर आणि इतर राज्यांतही डबे जातात. या दिवाळीत ७ ते ११ नोव्हेंबर बंद ठेवायचे ठरवले आहे. मुखपृष्ठावर सूचना लावायची आहे, पण ‘शेवटची ऑर्डर’ कोणत्या तारखेची लिहावी आणि उशिराने जाणाऱ्या मालाबद्दल काय सांगावे, हे कळत नाही. गेल्या वर्षीचीच सूचना तारखा बदलून लावली तर चालेल का?

उत्तर:

गेल्या वर्षीची सूचना चालणार नाही, आणि त्याचे कारण केवळ तारखा बदलल्या एवढेच नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्रातील पंचांगांप्रमाणे लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. सगळ्याच तारखा अठरा दिवस पुढे सरकल्या असत्या तर तुमचा उपाय पुरला असता. प्रत्यक्षात वारांची मांडणीही बदलली आहे. या वर्षी लक्ष्मीपूजन रविवारी, पाडवा मंगळवार १० नोव्हेंबरला आणि भाऊबीज बुधवार ११ नोव्हेंबरला येत असून मधला सोमवार मोकळा आहे. त्या सोमवारी कुरियरचे कार्यालय उघडे असू शकते, पण तुमचे स्वयंपाकघर बंद असेल. ग्राहकाला हे कळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नाही. म्हणून सूचना नव्याने लिहावी, आणि लिहायला बसण्यापूर्वी तारखांचा हिशेब कागदावर मांडावा.

हा हिशेब बहुतेक जण सुट्टीच्या पहिल्या दिवसापासून सुरू करतात. ‘आपण ७ तारखेपासून बंद, म्हणजे ५ पर्यंत ऑर्डर घेऊ’ असा तो विचार असतो. ग्राहकाला मात्र तुम्ही कधी बंद आहात याच्याशी फारसे कर्तव्य नसते; डबा हातात कधी पडेल एवढेच त्याला हवे असते. म्हणून हिशेब डबा पोहोचण्याच्या दिवसापासून मागे करावा. फराळ धनत्रयोदशीच्या आधी घरात असावा अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. धनत्रयोदशी शुक्रवार ६ नोव्हेंबरला आहे, म्हणून आपण गुरुवार ५ नोव्हेंबर हा पोहोचण्याचा शेवटचा दिवस धरू. त्यातून आधी वाहतुकीचे दिवस वजा करायचे आणि मग तुमच्या बांधणीचे दिवस वजा करायचे; जी तारीख उरेल ती त्या भागासाठी शेवटच्या ऑर्डरची तारीख.

वाहतुकीचे दिवस कुरियरच्या माहितीपत्रकातून घेऊ नका. तेथे दिलेला काळ सर्वसाधारण आठवड्याचा असतो. तुमच्याकडे गेल्या दिवाळीच्या पार्सलांची ट्रॅकिंग नोंद असेलच. त्या पंधरवड्यातील पार्सले भागांप्रमाणे वेगळी करा आणि दहापैकी नऊ पार्सले किती कामाच्या दिवसांत पोहोचली ते पाहा. सरासरी काढू नका. सरासरी तीन दिवसांची असली तरी त्यात दुसऱ्या दिवशी पोहोचलेली पुष्कळ आणि आठव्या दिवशी पोहोचलेली थोडी पार्सले मिसळलेली असतात, आणि तुम्हाला फोन येतात ते त्या थोड्यांचेच. तुमच्याकडची नोंद मी पाहिलेली नाही, म्हणून उदाहरणापुरते असे धरू की दिवाळीच्या गर्दीत महाराष्ट्रासाठी चार, इतर राज्यांतील मोठ्या शहरांसाठी सहा, आणि ईशान्येकडील राज्ये, जम्मू-काश्मीर व दुर्गम पिनकोड यांसाठी दहा कामाचे दिवस लागतात. रविवार धरायचा नाही. तुमचे आकडे वेगळे निघाले तर पुढच्या तारखा त्याप्रमाणे सरकवा. पद्धत तीच राहील.

आता बांधणीकडे येऊ. समजा तुमच्याकडे दिवसाला साठ डबे भरून, तोलून, सील करून तयार होतात आणि कुरियरचा माणूस संध्याकाळी माल उचलतो. महाराष्ट्रासाठी ५ नोव्हेंबरपासून चार कामाचे दिवस मागे मोजले तर ५, ४, ३ आणि २ नोव्हेंबर हे दिवस वाहतुकीत जातात, १ तारखेला रविवार आहे, म्हणून शेवटचा माल शनिवार ३१ ऑक्टोबरला उचलला गेला पाहिजे. ऑर्डरची मुदत मात्र ३१ ला ठेवता येत नाही, कारण शेवटच्या दिवशी नेहमीच्या दुप्पट-तिप्पट ऑर्डरी येतात. बांधणीसाठी २९, ३० आणि ३१ असे पूर्ण तीन दिवस हाताशी ठेवले तर एकशे ऐंशी डबे निघतील. म्हणजे महाराष्ट्रासाठी शेवटची वेळ बुधवार २८ ऑक्टोबर, संध्याकाळी ५. याच रीतीने मोठ्या शहरांसाठी माल गुरुवार २९ ऑक्टोबरला निघावा लागतो आणि ऑर्डर सोमवार २६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी ५ पर्यंत यावी लागते. ईशान्येकडे जाणारा माल शनिवार २४ ऑक्टोबरला निघायचा, तर ऑर्डर बुधवार २१ ऑक्टोबरपर्यंत यायला हवी.

या शेवटच्या तारखेकडे नीट पाहा. दसरा मंगळवार २० ऑक्टोबरला आहे. म्हणजे एका भागातल्या ग्राहकांची मुदत दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी संपते, आणि बहुतेक दुकानदार दिवाळीची सूचना लावायला घेतात तेव्हा दसरा उलटून गेलेला असतो. तुमची सूचना घटस्थापनेला, म्हणजे ११ ऑक्टोबरला मुखपृष्ठावर असली पाहिजे. शिवाय त्याच काळात पूर्वेकडे दुर्गापूजा असते आणि कोलकात्यातून पुढे जाणारा माल रेंगाळतो, त्यामुळे गुवाहाटी किंवा अगरतळ्याचे दहा दिवस मला जास्त वाटत नाहीत.

तारखेबरोबर संख्येची मर्यादाही ठरवून ठेवा. वरच्या हिशेबात बांधायच्या बाकी ऑर्डरी एकशे ऐंशी झाल्या की, तारीख २८ असो वा २६, दिवाळीपूर्वी पोहोचवण्याचे आश्वासन त्याच क्षणी थांबले पाहिजे. म्हणून सूचनेत ‘किंवा डब्यांची संख्या पूर्ण होईपर्यंत, जे आधी होईल ते’ हे शब्द हवेत. हे शब्द लिहिले की ते पाळण्याची सोयही हवी. रोज सकाळी बाकी ऑर्डरींचा आकडा पाहणारे एक ठरलेले माणूस नेमा आणि आकडा दीडशेच्या पुढे गेला की सूचना बदलायची तयारी ठेवा.

‘दिवाळीपर्यंत पोहोचेल’ असे कुठेही लिहू नका. २०२५ मध्ये उत्तरेकडे अनेक ठिकाणी दिवाळी २० ऑक्टोबरला साजरी झाली आणि आपल्याकडे लक्ष्मीपूजन २१ ला झाले. महाराष्ट्रातल्या घरातही कोणाची दिवाळी वसुबारसेला सुरू होते, कोणाची नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाने, आणि भावाला डबा पाठवणाऱ्या बहिणीसाठी दिवाळी म्हणजे भाऊबीज. सणाचे नाव लिहायचे असेल तर अवश्य लिहा, पण त्याच्या शेजारी वार आणि तारीख असलीच पाहिजे. वार लिहिण्याचा आणखी एक उपयोग आहे: तारीख टाइप करताना चूक झाली तर वार जुळत नाही आणि ती चूक लगेच डोळ्यांत भरते. ‘७ ते ११ बंद’ या मोघम लेखनातही अकरा तारखेला दुकान उघडे की बंद याची शंका राहते. त्याऐवजी ‘७ ते ११, दोन्ही दिवस धरून, बंद, १२ ला सकाळी १० वाजता सुरू’ असे लिहिले की शंका उरत नाही.

वेळेबाबतही एक वाक्य हवे. फराळाच्या ऑर्डरींत परदेशी राहणाऱ्या मुलांनी पुण्या-नाशिकच्या आईवडिलांसाठी दिलेल्या ऑर्डरी बऱ्याच असतात. २८ ऑक्टोबरला आपल्याकडे संध्याकाळचे ५ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे साडेसात झालेले असतात. तेथील ग्राहक ‘२८ ऑक्टोबर’ वाचून त्याच्या रात्री, म्हणजे आपल्या २९ च्या सकाळी ऑर्डर देतो आणि स्वतःला मुदतीत समजतो. म्हणून ‘भारतीय वेळेनुसार’ हे दोन शब्द लिहा. मुदत ऑर्डर नोंदवण्याची आहे की पैसे जमा होण्याची, तेही सांगा. यूपीआयचा व्यवहार अडकला आणि पैसे दोन तासांनी आले तर ती ऑर्डर मुदतीतली की नाही, यावर वाद होतात. पैसे जमा झाल्याची वेळ धरणे सर्वांत सोपे, कारण तिची नोंद दोन्ही बाजूंना दिसते.

आता मुदत उलटल्यानंतर आलेल्या ऑर्डरींचा प्रश्न. येथे माझे मत थोडे कडक आहे. महाराष्ट्रासाठी २८ ऑक्टोबरनंतर, ‘पोहोचले तर पोहोचले’ या भरवशावर खाण्याचा माल कुरियरला देऊ नये. ४-५ नोव्हेंबरला निघालेले पार्सल शुक्रवारी एखाद्या शहराच्या गोदामात पोहोचते, शनिवारी वाटप करणारी मुले निम्म्यावर आलेली असतात, रविवारी लक्ष्मीपूजन, आणि मग ते पार्सल सहा-सात दिवस पत्र्याच्या छपराखाली पडून राहते. चकली मऊ पडते, अनारसे आणि ओल्या नारळाच्या करंज्या तर त्याआधीच जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन खाद्यविक्रीबाबत असे सांगितले आहे की पदार्थ ग्राहकाच्या हाती पडताना टिकण्याच्या मुदतीपैकी ३० टक्के किंवा मुदत संपण्यापूर्वीचे ४५ दिवस तरी शिल्लक असावेत. तीस दिवस टिकणाऱ्या चिवड्यात ही अट पाळणे अवघड नाही, पण दहा-बारा दिवस टिकणाऱ्या पदार्थाचा एक आठवडा गोदामात गेला तर हिशेब बिघडतो. म्हणून मुदतीनंतरच्या ऑर्डरी घ्या, पण त्या १२ नोव्हेंबरनंतर ताज्या करून पाठवू असे स्पष्ट सांगून घ्या. २ ते ६ नोव्हेंबर या दिवसांत स्वयंपाकघर रिकामे राहणार नाही. तो माल दुकानातल्या गिऱ्हाइकांसाठी आणि नाशिक शहरात तुमच्याच माणसाकरवी पोहोचवायच्या ऑर्डरींसाठी वापरा. शहरासाठी गुरुवार ५ नोव्हेंबरपर्यंत ऑर्डर घेऊन ६ च्या संध्याकाळपर्यंत डबा घरी देता येईल.

उशिराने जाणाऱ्या मालाबद्दल सर्वांत जास्त मोघम लिहिले जाते. ‘सणामुळे डिलिव्हरीस विलंब होऊ शकतो, सहकार्य करावे’ हे वाक्य इतके ठिकठिकाणी दिसते की ते कोणी वाचत नाही, आणि वाचले तरी त्यातून काहीच कळत नाही. विलंब किती, कोणाच्या ऑर्डरीला, आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे सांगितले तरच ते वाक्य उपयोगाचे. तेही मोजूनच काढावे. समजा २८ ऑक्टोबरच्या संध्याकाळपासून ११ नोव्हेंबरपर्यंत ‘दिवाळीनंतर पाठवा’ अशा एकशे वीस ऑर्डरी जमल्या. १२ ला दुकान उघडले तरी गावी गेलेल्या बायका लगेच परतत नाहीत, त्यामुळे १२, १३ आणि १४ ला रोज तीसच डबे धरा. ते नव्वद झाले. सोमवार १६ पासून पूर्ण ताकदीने साठ निघतील, म्हणजे हिशेबाप्रमाणे त्या दिवशी साठलेल्या ऑर्डरी संपतात. मी सूचनेत बुधवार १८ नोव्हेंबर लिहीन. हे दोन दिवस केवळ सावधगिरीचे नाहीत. रविवार १५ नोव्हेंबरला छठ आहे. मुंबई, पुणे आणि दिल्लीच्या कुरियर केंद्रांत सामान चढवणारे आणि वाटणारे अनेक जण बिहार-पूर्वांचलातले असतात, ते दिवाळीला जातात आणि छठ करून परततात. तुमचे दुकान १२ ला उघडले तरी वाहतूक सुरळीत व्हायला १८-१९ तारीख उजाडते.

येथे ‘निघेल’ आणि ‘पोहोचेल’ या दोन तारखा वेगळ्या लिहा. ‘१८ नोव्हेंबरपर्यंत पाठवू’ असे वाचलेला ग्राहक १८ ला दाराशी वाट पाहतो. माल १८ पर्यंत निघेल, महाराष्ट्रात २१ पर्यंत आणि इतरत्र २८ पर्यंत पोहोचेल, असे लिहिले की त्याला दोन्ही गोष्टी कळतात आणि ट्रॅकिंग क्रमांक कधी मिळेल याचाही अंदाज येतो.

या सर्व विवेचनानंतर तुमची सूचना साधारण अशी होईल:

दिवाळी २०२६: ऑर्डर आणि सुट्टीविषयी सूचना

गुरुवार ५ नोव्हेंबरपर्यंत फराळ पोहोचावा यासाठी ऑर्डर आणि पैसे पुढील वेळेपर्यंत (भारतीय वेळेनुसार) जमा झालेले असावेत, किंवा डब्यांची संख्या पूर्ण होईपर्यंत, जे आधी होईल ते:

ईशान्येकडील राज्ये, जम्मू-काश्मीर, दुर्गम पिनकोड: बुधवार २१ ऑक्टोबर, सायं. ५
इतर राज्यांतील शहरे: सोमवार २६ ऑक्टोबर, सायं. ५
महाराष्ट्र: बुधवार २८ ऑक्टोबर, सायं. ५

नाशिक शहरात आमच्याकडून घरपोच (६ नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंत): ऑर्डर गुरुवार ५ नोव्हेंबर, दुपारी १२ पर्यंत.

शनिवार ७ ते बुधवार ११ नोव्हेंबर, दोन्ही दिवस धरून, आमचे काम बंद राहील. गुरुवार १२ नोव्हेंबरला सकाळी १० वाजता पुन्हा सुरू होईल. या काळात वेबसाइटवर ऑर्डर देता येईल.

वरील मुदतीनंतरच्या ऑर्डरी दिवाळीनंतर ताज्या तयार करून १८ नोव्हेंबरपर्यंत पाठवू; महाराष्ट्रात त्या २१ नोव्हेंबरपर्यंत आणि इतरत्र २८ नोव्हेंबरपर्यंत पोहोचतील. तोपर्यंत थांबायचे नसल्यास माल निघण्यापूर्वी कळवावे, पूर्ण रक्कम परत करू.

सुट्टीत तक्रारीसाठी व्हॉट्सॲप संदेश पाठवावा. त्याची पोच ४८ तासांच्या आत मिळेल.

पाहा, यात शुभेच्छा नाहीत. त्या द्यायच्या असतील तर शेवटी एका ओळीत द्या. पणत्यांच्या चित्राखाली चार ओळींच्या शुभेच्छा आणि त्यांच्या खाली बारीक अक्षरांत तारखा, अशी मांडणी मोबाइलवर उघडली की पहिल्या पडद्यावर पणतीच दिसते. त्याच कारणासाठी सूचना चित्रात लिहून लावू नका. चित्रातला मजकूर मोबाइलवर आक्रसतो, तो निवडून कोणाला पाठवता येत नाही, आणि दृष्टिहीन ग्राहकाचा वाचक-प्रोग्राम तो वाचू शकत नाही. शिवाय तारीख बदलायची झाली की चित्र करणाऱ्याला शोधावे लागते.

सूचनेतील शेवटच्या दोन परिच्छेदांबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. ‘विलंबास आम्ही जबाबदार राहणार नाही’ हे वाक्य मी मुद्दाम घातलेले नाही. मुदतीच्या आत पैसे घेतलेल्या ऑर्डरीला उशीर झाला तर अशा वाक्याने तुमची जबाबदारी आपोआप संपत नाही, आणि ग्राहकाच्या मनात मात्र ‘यांना आधीच माहीत होते’ एवढेच उरते. त्याऐवजी उशीर झाल्यास तुम्ही काय कराल, हे सांगणे योग्य. पैसे परत करण्याची तयारी लिहिली म्हणून सगळे पैसे मागतील अशी भीती वाटते, परंतु ज्याला नेमकी तारीख कळलेली असते तो सहसा थांबतो.

४८ तासांचा उल्लेखही शोभेचा नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार आल्यापासून ४८ तासांत तिची पोच देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. स्वतःच्या वेबसाइटवरून नियमित विक्री करणाऱ्यालाही हे नियम लागू होतात, आणि त्यात दिवाळीच्या सुट्टीची सवलत नाही. तुमचे स्वयंपाकघर पाच दिवस बंद राहू शकते, तक्रारींचा फोन राहू शकत नाही. घरातल्या कोणीतरी दिवसातून एकदा संदेश पाहून ‘तक्रार मिळाली, १२ नोव्हेंबरला उत्तर देतो’ असे कळवले तरी पुरे. स्वयंचलित उत्तर लावणार असाल तर त्यातही १२ ही तारीख असू द्या.

मुखपृष्ठावर सूचना लावली म्हणजे ती सर्वांनी पाहिली असे नाही. इन्स्टाग्रामवरच्या दुव्याने किंवा गूगलवर ‘भाजणीची चकली’ शोधून आलेला ग्राहक थेट त्या पदार्थाच्या पानावर उतरतो, तेथून पैसे भरण्याच्या पानावर जातो आणि मुखपृष्ठ उघडतच नाही. त्यामुळे सूचनेतील एक ओळ त्या दोन्ही ठिकाणी असली पाहिजे. पैसे भरण्याच्या पानावर पिनकोड टाकल्यानंतर ‘या पत्त्यावर डबा ५ नोव्हेंबरपर्यंत पोहोचेल’ किंवा ‘हा डबा १८ नोव्हेंबरपर्यंत निघेल’ यांपैकी एक वाक्य दिसण्याची सोय झाली तर उत्तम. नाहीतर भागांप्रमाणे शेवटच्या तारखा तेथेही लिहा. ऑर्डर पक्की झाल्याच्या संदेशात तीच तारीख पुन्हा जावी. वाद झाला तर मुखपृष्ठावर त्या दिवशी काय लिहिले होते हे सिद्ध करणे कठीण जाते, संदेश मात्र ग्राहकाच्या हातात असतो.

पैसे डबा मिळाल्यावर देण्याची सोय असेल तर ती महाराष्ट्रासाठी २४ ऑक्टोबरच्या सुमारास आणि इतर राज्यांसाठी त्याआधीच बंद करा, आणि तसे सूचनेत एका ओळीत सांगा. दिवाळीत शहरातली कितीतरी घरे कुलूपबंद असतात. कुरियरचा मुलगा दोन-तीनदा येऊन जातो आणि पार्सल तुमच्याकडे परत फिरते. इतर वस्तूंचा परत आलेला डबा पुन्हा विकता येतो, फराळाचा टाकून द्यावा लागतो आणि जाण्या-येण्याचे भाडेही तुमच्याच माथी बसते. आगाऊ पैसे दिलेल्या ग्राहकालाही ऑर्डर देताना ‘१ ते ५ नोव्हेंबर या दिवसांत या पत्त्यावर कोणी असेल का’ हा एक प्रश्न विचारावा. जो गावी जाणार असतो तो बहुधा तेथेच गावाचा पत्ता देतो, आणि तो पिनकोड पाहून त्याची मुदत ठरवता येते.

आता सूचना बदलण्याविषयी. २१ ऑक्टोबरची मुदत उलटल्यानंतरही ती ओळ तशीच राहिली तर वाचणाऱ्याला वाटते की सूचना जुनी आहे, आणि मग तो २८ च्या ओळीवरही विश्वास ठेवत नाही. म्हणून २१, २६ आणि २८ ऑक्टोबर, ५ नोव्हेंबर आणि १२ नोव्हेंबर या पाच वेळी लावायचे मजकूर आत्ताच लिहून ठेवा. प्रत्येक वेळी संपलेली ओळ काढून टाकायची नाही. तिच्या जागी ‘ईशान्येकडील राज्ये: दिवाळीपूर्वीची मुदत संपली, आता १८ नोव्हेंबरपर्यंत पाठवू’ असे लिहायचे. ओळच नाहीशी झाली तर गुवाहाटीच्या ग्राहकाला वाटते की आपल्याकडे डबे जातच नाहीत.

सूचना आपोआप बदलण्याची व्यवस्था करणार असाल तर वेबसाइटच्या सेटिंगमध्ये टाइमझोन `Asia/Kolkata` आहे ना, ते तपासा. तो `UTC` राहिला असेल तर मध्यरात्री १२ ला बदलायला सांगितलेली सूचना सकाळी साडेपाचला बदलते, आणि संध्याकाळी ५ ची मुदत रात्री साडेदहापर्यंत उघडी राहते. त्या साडेपाच तासांत आलेल्या ऑर्डरींचे ग्राहक चुकीचे नसतात. पानावर मुदत चालू दिसत होती, म्हणून त्या डब्यांचा भार तुम्हालाच उचलावा लागतो. हाताने बदल केला तर वेबसाइटचे कॅशे, म्हणजे पानाची साठवून ठेवलेली जुनी प्रत, रिकामे करा आणि मग दुसऱ्याच्या मोबाइलवर, वाय-फाय बंद करून, पान उघडून पाहा. स्वतःच्या संगणकावर नवीन मजकूर दिसतो आणि ग्राहकाला दोन दिवस जुनाच दिसत राहतो, असे पुष्कळदा घडते. सूचनेच्या पट्टीवर ती बंद करण्याची फुली असेल तर मजकूर बदलल्यावर, आधी फुली मारलेल्या ग्राहकालाही ती पुन्हा दिसते का, हेही पाहून घ्या.

लावण्यापूर्वी एक चाचणी जरूर करा. घरातल्या, पण या कामाशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीला सूचना मोबाइलवर दाखवा, मोबाइल परत घ्या आणि विचारा: नागपूरच्या काकूंना ५ तारखेपर्यंत डबा हवा असेल तर कधीपर्यंत सांगावे लागेल? आज ३० ऑक्टोबर असेल तर पुण्याचा डबा कधी पोहोचेल? ११ ला दुकान उघडे आहे का? यांपैकी एका जरी उत्तराला ‘बहुतेक’ लागले तरी संबंधित ओळ पुन्हा लिहा. लावल्यानंतरची खूण व्हॉट्सॲपवर दिसते. ‘मला कधी मिळेल’ असे विचारणारे संदेश सूचना लावल्यावरही तेवढेच येत असतील तर ती दिसत नाही किंवा कळत नाही; संदेश एकाच भागातून येत असतील तर त्या भागाची ओळ सदोष आहे.

परदेशी पाठवण्याच्या ऑर्डरी असतील तर त्या या सूचनेत मिसळू नका, त्यांच्यासाठी वेगळे पान करा. तेथे वाहतुकीच्या दिवसांपेक्षा सीमाशुल्काची तपासणी जास्त वेळ खाते आणि नियम अचानक बदलतात: २०२५ मध्ये अमेरिकेने कमी किमतीच्या पार्सलांची शुल्कमाफी २९ ऑगस्टपासून काढून घेतली, तेव्हा भारतीय टपाल खात्याने तेथील बहुतेक पार्सलसेवा काही आठवडे थांबवली होती आणि ती ऑक्टोबरच्या मध्यात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, पुन्हा सुरू झाली. अशा ठिकाणी पोहोचण्याची तारीख देऊच नये, निघण्याची द्यावी, आणि शुल्क कोण भरणार हे ऑर्डर घेतानाच सांगावे.

गूगलवर तुमच्या दुकानाची नोंद असेल तर तेथे ७ ते ११ नोव्हेंबरसाठी विशेष वेळांत ‘बंद’ भरून ठेवा, नाहीतर मुखपृष्ठावर एक आणि नकाशावर दुसरेच दिसेल आणि पाडव्याला कोणीतरी तुमच्या बंद दारापर्यंत येईल. १२ नोव्हेंबरला सकाळी शटर उघडण्यापूर्वी सूचनेतील सुट्टीचा भाग काढा. साठलेल्या ऑर्डरींची ओळ मात्र शेवटचा डबा निघेपर्यंत, म्हणजे १८ पर्यंत, राहू द्या. ते काम कोणाच्या नावावर आहे, ते आजच लिहून ठेवा.